जाममध्ये थरथरणारी ड्युअल क्लच गाडी: मेसेज कसा वाचायचा आणि कुठे थांबायचं

ऑटोमॅटिक म्हणून घेतलेल्या ड्युअल क्लच गाडीत क्लचचं पेडल तेवढं नसतं. क्लच असतो, आणि एक नाही, दोन असतात. बहुतेक सात गिअरच्या गाड्यांमध्ये एक क्लच पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर सांभाळतो आणि दुसरा क्लच दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढे बिघाड ओळखताना कामाला येते.

यात दोन जाती आहेत. वेट क्लच तेलात बुडालेला असतो, त्याची उष्णता तेल घेऊन जातं. टाटा अल्ट्रोझमधला डीसीए गिअरबॉक्स या जातीचा. ड्राय क्लच मात्र साध्या मॅन्युअल गाडीसारखाच कोरडा असतो आणि त्याला थंड करायला आजूबाजूची हवा एवढंच साधन. १.५ लिटर इंजिनाच्या टायगुन, व्हर्टस, कुशाक, स्लाव्हियामधला सात गिअरचा डीएसजी किंवा १.० टर्बो व्हेन्यूमधला डीसीटी हे ड्राय. आपल्याकडे थरथर आणि ‘गिअरबॉक्स तापला’ या तक्रारी येतात त्या मुख्यतः ड्राय क्लचच्या, म्हणून इथे त्याचंच बोलतो.

आधी उष्णता कुठून येते ते समजून घ्या

जुने ड्रायव्हर ‘हाफ क्लचवर गाडी धरू नको’ म्हणून ओरडायचे ते आठवतं? तुमची ड्युअल क्लच गाडी नाशिकच्या द्वारका चौकातल्या जाममध्ये नेमकं तेच करत असते, फक्त तुमच्या पायाऐवजी संगणक करतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिन आयडलवर असलं तरी गाडी ताशी सहा-सात किलोमीटरने जाते. त्याहून हळू जायचं तर क्लच पूर्ण पकडू शकत नाही. तो घसरत राहतो आणि घासून तापतो. म्हणजे मुंबई नाक्यावर समोरच्या टेम्पोच्या मागे ताशी तीनने सरकणं हे दिसायला निवांत, पण क्लचला सगळ्यात जड काम.

चढावर हे किती बिघडतं त्याचा ढोबळ हिशेब करून पाहू. माणसांसकट गाडी चौदाशे किलोची धरा आणि चढ दर दहा फुटाला एक फूट. ब्रेक न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी जागच्या जागी धरली आणि इंजिन १२०० आरपीएमवर असलं, तर क्लचमध्ये साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता तयार होते. बाथरूममधला इन्स्टंट गीझर तीन किलोवॅटचा असतो. म्हणजे एक गीझर चालू करून क्लचच्या बंद डब्यात ठेवल्यासारखं झालं, आणि तिथे पाणीही नाही. असा एक मिनिट धरून ठेवलात तर सपाट रस्त्यावर चाळीसेक वेळा गाडी जागेवरून उचलल्याएवढी उष्णता क्लचने खाल्ली. सपाटावरचा जाम क्लच सहसा निभावून नेतो, चढावरचा जाम त्याला भाजतो.

मेसेज आला की शब्द नीट वाचा

घाबरून पहिली चूक होते ती इथे. मेसेज दिसतो, टिंग वाजतं, आणि नंतर विचारलं तर ‘काहीतरी गिअरबॉक्सचं आलं होतं’ एवढंच आठवतं. थांबता आलं की आधी मोबाइलने फोटो काढा. मेसेज गेला की सर्व्हिस सेंटरमध्ये तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही.

उष्णतेचे मेसेज पायऱ्यापायऱ्यांनी येतात. ह्युंदाई-कियाच्या ड्राय डीसीटी गाड्यांमध्ये तो क्रम पुस्तिकेत स्पष्ट दिलेला आहे, म्हणून त्याचं उदाहरण घेतो. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरलीत तर `Steep grade! Press brake pedal` येतं. ही अजून नुसती सूचना आहे, ब्रेक दाबा, विषय संपला. पुढची पायरी `Transmission temp. is high! Stop safely`. यावेळी गिअरचं अक्षर लुकलुकतं आणि गाडी ओढताना अडखळते. सुरक्षित जागा बघून थांबायचं. तरी रेटलीत तर `Trans Hot! Park with engine on` येतं आणि गाडी क्लच स्वतःच सोडून देते. आता तुम्ही कितीही ॲक्सिलरेटर दाबा, गाडी हलणार नाही. किती मिनिटं थांबायचं ते स्क्रीनवर येतं, आणि शेवटी `Trans cooled. Resume driving` आलं की निघायचं.

यात ‘इंजिन चालू ठेवा’ असं लिहिलंय ते लक्षात घ्या, कारण सगळ्यांचं तसं नाही. काही युरोपीय गाड्यांच्या पुस्तिकेत क्लच तापल्यावर गाडी थांबवून इंजिन बंद करायला सांगितलेलं आहे. त्यामुळे मित्राच्या गाडीचा नियम आपल्या गाडीला लावू नका. आज घरी गेल्यावर ग्लोव्ह बॉक्समधली पुस्तिका उघडा, गिअरबॉक्सच्या इशाऱ्यांचं पान शोधा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. घाटात रेंज नसते तेव्हा तो फोटोच उपयोगी पडतो.

दुसऱ्या प्रकारचे मेसेज उष्णतेचे नसून बिघाडाचे असतात: गिअरबॉक्समध्ये दोष आहे, गाडी चालवू शकता पण काही गिअर किंवा रिव्हर्स मिळणार नाही, अशा अर्थाचे. हे थांबल्याने, गार झाल्याने जात नाहीत. गेले तरी परत येतात. इथे वरची वाटणी आठवा. फक्त दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स गायब असतील तर एका क्लचची किंवा त्याला चालवणाऱ्या यंत्रणेची बाजू पडली आहे, आणि गाडी उरलेल्या अर्ध्यावर तुम्हाला घरी पोचवायला बघते आहे. अशा वेळी एक साधी काळजी घ्या: पार्किंगमध्ये तोंड भिंतीकडे करून गाडी लावू नका. रिव्हर्स नसलेली गाडी भिंतीसमोरून काढायला सोसायटीतली चार माणसं लागतात.

सप्तशृंगी गडावरची एक दुपार

माझ्या मेहुण्याच्या गाडीचं सांगतो. ड्राय ड्युअल क्लच, अडतीस हजार किलोमीटर झालेले. मे महिन्यातला साधा रविवार. यात्रेच्या दिवसांत खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात, पण त्या दिवशी तसं काही नव्हतं. पाच माणसं, एसी चालू, आणि गडावर पोचायच्या आधीच चढावर गाड्यांची रांग लागलेली. वीस-पंचवीस मिनिटं तो समोरच्याच्या बंपरला चिकटून इंच-इंच सरकत होता आणि मधल्या वेळात ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरत होता. तीस वर्षं मॅन्युअल चालवलेली सवय.

आधी गाडी उचलताना थरथरली. मग ब्रेक लायनिंग जळल्यासारखा वास आला. बायको म्हणाली, पुढच्या ट्रकचा असेल. मग गिअरचं अक्षर लुकलुकायला लागलं आणि तापल्याचा मेसेज आला. हा खाली उतरला, बॉनेट उघडलं, आणि आजूबाजूचे दोन जण पाण्याच्या बाटल्या घेऊन तयार.

मला फोन आला तेव्हा मी तीन गोष्टी विचारल्या. इंजिनचा तापमानाचा काटा कुठे आहे? मधोमध, म्हणाला. इथेच बरेच जण गोंधळतात. तो काटा कूलंटचा आहे, क्लचचा नाही. क्लच भाजत असतानाही तो शांतपणे मधोमध असतो. दुसरं, मेसेजचे शब्द काय? त्याने वाचून दाखवले. तिसरं, चढावर उभा आहेस की सपाट जागा मिळाली? चढावर. म्हटलं पाणीबिणी काही मारू नकोस, गरम लोखंडावर आणि वायरिंगवर पाणी टाकून काही भलं होत नाही. मागच्या गाडीवाल्याला हात दाखव, उताराने हळूच मागे घेऊन कडेच्या सपाट जागेत लाव, पी टाक, हँडब्रेक ओढ, आणि पुस्तिकेत इंजिनबद्दल काय लिहिलंय ते बघून तसं कर.

साधारण पंचवीस मिनिटांनी मेसेज गेला. दर्शन चालत झालं. खाली उतरताना त्याला भीती वाटत होती, पण घाट उतरणं क्लचला सोपं असतं. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर लावला की क्लच पूर्ण पकडलेला राहतो, घसरत नाही, आणि इंजिनच गाडी अडवून धरतं. नांदुरीपर्यंत एकदाही मेसेज आला नाही.

गोष्ट तिथे संपली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाडी प्रत्येक वेळी उचलताना थरथरायला लागली. मेसेज नाही, लाइट नाही, पण थरथर आहे. आता हा वेगळा विषय झाला.

थरथर क्लचची आहे का, हे घरीच तपासा

प्रत्येक थरथर गिअरबॉक्सची नसते, आणि गॅरेजमध्ये जाण्याआधी हे कळलं तर पैसे वाचतात. रविवारी सकाळी लवकर गंगापूर रोडच्या पुढे किंवा तपोवनाच्या बाजूला मोकळा, सपाट रस्ता मिळतो. सोबत एक माणूस घ्या आणि मागेपुढे कुणी नाही याची खात्री करा.

गाडी एनमध्ये आणि इंजिन आयडलवर ठेवा. इथेच थरथर असेल तर क्लचचा संबंध कमी. इंजिन मिसफायर होत असेल किंवा इंजिनला धरणारं माउंटिंग गेलेलं असेल. मग ब्रेक दाबून डी टाका आणि थांबा. एनमध्ये नव्हती आणि फक्त इथे आली तर पुन्हा आधी माउंटिंग बघायला सांगा.

आता खरी चाचणी. मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर लावा, ब्रेक सोडा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका, गाडीला आपणहून दहा-पंधरा मीटर सरकू द्या. क्लचची थरथर शून्यापासून ताशी सात-आठपर्यंतच असते. जशी गाडी वेग धरते आणि क्लच पूर्ण पकडतो, तशी ती झटकन थांबते. साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग हलत असेल तर तो चाकांचा, बॅलन्सिंगचा प्रश्न, त्यासाठी गिअरबॉक्स उघडून घेऊ नका. हेच रिव्हर्समध्ये करून बघा. फक्त पुढे जाताना थरथरते आणि मागे जाताना नाही, तर पहिल्या गिअरचा क्लच संशयित. उलट असेल तर दुसरा. दोन्हीकडे असेल तर दोन्ही क्लच, किंवा दोघांना सामाईक असलेलं फ्लायव्हील.

ही चाचणी एकदा थंड इंजिनवर आणि एकदा अर्धा तास गाडी चालवल्यावर करा. पावसाळ्यात रात्रभर बाहेर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-तीन वेळा किंचित थरथरली आणि नंतर विसरून गेली, तर ते सोडून द्या. क्लचच्या लायनिंगवरची ओल जाते. गरम झाल्यावर जास्त थरथरते, किंवा दर आठवड्याला थोडी वाढत जाते, तर दाखवायलाच हवी.

मेहुण्याची गाडी पुढे थरथरत होती, मागे गुळगुळीत जात होती. गडावर ज्या क्लचने पहिल्या गिअरमध्ये अर्धा तास मार खाल्ला, तोच. लायनिंगचा पृष्ठभाग भाजून काचेसारखा गुळगुळीत झाला की तो एकसारखा पकडत नाही, पकडतो-सुटतो-पकडतो. तीच ती थरथर.

सर्व्हिस सेंटरला पहिल्यांदा उत्तर मिळालं, ‘कोड नाही, गाडी नॉर्मल आहे.’ दुसऱ्यांदा गेला तेव्हा मेसेजचा फोटो, थरथरीचा व्हिडिओ आणि किती किलोमीटरला काय झालं याची अर्ध्या पानाची नोंद घेऊन गेला. आणि मेकॅनिकला शेजारी बसवून स्वतः गाडी उचलून दाखवली. मग गिअरबॉक्सच्या कंट्रोलरची स्मृती वाचली गेली, त्यात क्लच तापल्याची नोंद होती. तुम्ही जाल तेव्हा हेच मागा: नुसता इंजिनचा नाही, गिअरबॉक्स कंट्रोलरचा स्कॅन, आणि त्याची प्रिंट. `P0730` सारखा कोड असेल तर त्याचा अर्थ गिअरचं प्रमाण जुळत नाही, म्हणजे कुठेतरी घसरतंय.

पहिला उपाय क्लच बदलणं नसतो. आधी ॲडॅप्टेशन करतात, म्हणजे क्लच नेमका कुठे पकडायला लागतो ते कंट्रोलरला नव्याने शिकवतात. सॉफ्टवेअरचं नवं अपडेट असेल तर ते टाकतात. पुष्कळदा एवढ्याने भागतं. मेहुण्याची थरथर ॲडॅप्टेशननंतर गेली आणि सहाशे किलोमीटरवर परत आली. सॉफ्टवेअर भाजलेलं लायनिंग नवं करू शकत नाही, तिथे क्लचचा संच बदलावाच लागला. दोन्ही क्लच एकाच संचात येतात, एकच बदलून मिळत नाही.

इथे गाडी चालवणं थांबवायचं

नुसती थरथर असेल तर गाडी सर्व्हिस सेंटरपर्यंत हळू नेता येते. खालच्या गोष्टी झाल्या तर नेऊ नका, मग तुम्ही पाथर्डी फाट्यावर असा नाहीतर घरापासून दोन किलोमीटरवर.

आरपीएम वर जातंय पण गाडी वेग धरत नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. म्हणजे चालत्या गाडीत क्लच घसरतोय, आणि प्रत्येक किलोमीटरला नुकसान वाढतंय. उड्डाणपुलावर असाल तर ॲक्सिलरेटर दाबून धरू नका. पाय उचला, हॅझर्ड लावा, उरलेल्या वेगावर डाव्या कडेला या.

चालत्या गाडीत ओढ अचानक जाते, अक्षर लुकलुकतं किंवा गाडी आपणहून न्यूट्रलला जाते. एकदा झालं आणि बंद-चालू केल्यावर बरं वाटलं, म्हणून मुंबईला निघू नका. पुढच्या वेळी ते मागून कंटेनर येत असताना होऊ शकतं.

मेसेजमध्ये थांबा असा शब्द आहे किंवा चिन्ह लाल आहे. पिवळं असेल तर घरी किंवा गॅरेजपर्यंत. लाल असेल तर पुढच्या सुरक्षित जागेपर्यंतच.

गाडी गार झाली, निघालात आणि त्याच दिवशी सपाट रस्त्यावर तापल्याचा मेसेज परत आला. चढावर एकदा आला तर तो चालवण्याचा दोष असू शकतो. सपाटावर परत आला तर क्लच नीट सुटत किंवा पकडत नाही.

जळका वास गार झाल्यावरही येतो, किंवा गाडी उभी असताना गिअरबॉक्सकडून धातूचा खडखडाट येतो.

मग गाडी न्यायची कशी? नाशिकमध्ये फोन केला की पुढची चाकं उचलणारी क्रेनही मिळते आणि सपाट ट्रकही. फोनवरच ‘फ्लॅटबेड’ सांगा. वर नाव घेतलेल्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, त्यामुळे पुढची चाकं उचलून नेलं तरी चालतं. मात्र मागून उचलून पुढची चाकं रस्त्यावर फरफटत नेऊ देऊ नका, आणि दोरी बांधून तर नाहीच.

जाममध्ये चालवायची पद्धत

सरकायचं नाही, थांबायचं आणि जायचं. समोर गाडीभर, जमलं तर दोन गाड्यांएवढी जागा होईपर्यंत ब्रेक दाबून उभे राहा. मग एका दमात सुटा, ताशी आठ-दहाचा वेग येऊ द्या म्हणजे क्लच पूर्ण पकडेल, आणि पुन्हा पूर्ण थांबा. ब्रेक दाबायचा तो घट्ट. अर्धवट दाबलात तर गाडीला वाटतं तुम्हाला सरकायचं आहे आणि ती क्लच घासत राहते. सिग्नलला प्रत्येक वेळी एन टाकायची गरज नाही. घट्ट ब्रेकवर बहुतेक गाड्या क्लच आपणहून सोडतात. मिनिटाच्या वर थांबायचं असेल तर टाका, नुकसान नाही. ऑटो होल्ड असेल तर चढावर चालू ठेवा. आणि गाडी पहिल्या-दुसऱ्यात सतत उलटसुलट करत असेल तर मॅन्युअल मोडमध्ये पहिल्यावर अडकवून ठेवा, गचके बरेच कमी होतात.

मेहुणा आता असंच चालवतो. त्याची एकच तक्रार आहे: दोन गाड्यांची जागा सोडली की लगेच डावीकडून रिक्षा घुसते. घुसू दे म्हटलं, ती पुढे जाऊन त्याच सिग्नलला थांबणार आहे.